फॅक्टरीत जुळवलेले रंग आणि साडीचं पार्सल

नवीन फोनची जाहिरात बघा. 'प्रत्येक स्क्रीन फॅक्टरीत कॅलिब्रेट केलेली, डेल्टा ई एकपेक्षा कमी.' वाचून बरं वाटतं. आणि मग तोच फोन खोक्यातून बाहेर येतो तो बहुतेक वेळा भडक मोडमध्ये, म्हणजे जे कॅलिब्रेशन केलं त्याला बगल देऊन! माझा राग आहे तो यावर.

आधी डेल्टा ई म्हणजे काय ते सांगतो. स्क्रीनवर ठरावीक रंगांचे चौकोन दाखवायचे, यंत्राने मोजायचे, आणि जो रंग यायला हवा होता त्यापासून तो किती दूर आहे हे आकड्यात मांडायचं. साधारण १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. फॅक्टरीत हे मोजून दुरुस्तीचे आकडे त्या त्या फोनच्या मेमरीत लिहितात, कारण एकाच कारखान्यातली दोन पॅनेलंही तंतोतंत सारखी नसतात. इथपर्यंत उत्तमच. पण जाहिरातीतला आकडा असतो सरासरी, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत तो `Natural` किंवा तशाच नावाच्या मोडमधला असतो. `Vivid` मध्ये त्या आकड्याला काडीची किंमत नाही.

का? आपले बहुतेक फोटो एसआरजीबी या मापात असतात आणि आजचं पॅनेल त्याहून बरंच जास्त रंग दाखवू शकतं. समजा पॅनेल डिस्प्ले पी३ मापाचं आहे. फोटोतला शुद्ध लाल २५५, ०, ० असेल, तर तोच लाल दिसण्यासाठी फोनने पॅनेलला साधारण २३४, ५१, ३५ सांगायला हवं. म्हणजे थोडा हिरवा, थोडा निळा मिसळून लाल शांत करायचा. भडक मोड हे गणित करतच नाही किंवा मुद्दाम अर्धवट करतो. २५५, ०, ० सरळ पॅनेलकडे, आणि कुंकवाचा लाल दिसतो सिग्नलच्या दिव्यासारखा.

नुसते फोटो बघणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. बिघडतं ते एडिट करणाऱ्याचं. माझ्या एका मित्राची बायको घरून साड्या विकते. फोटो फोनवर, एडिटिंग फोनवर, ऑर्डरी फोनवर. बिचारी अतिशय प्रामाणिकपणे साडी हातात धरून स्क्रीनवरचा रंग तिच्याशी जुळवायची. स्क्रीनवर डाळिंबी फार पेटलेला दिसतो म्हणून सॅच्युरेशन खाली. भडक मोडमध्ये पांढरा निळसर असतो, म्हणून फोटोला थोडी ऊब. झालं, तिच्या फोनवर हुबेहूब साडी! गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर मात्र डाळिंबी विटकरी झालेला आणि मोतिया साडी हळद लागल्यासारखी. 'फोटोतल्यासारखी नाही' म्हणून पार्सलं परत, आणि कुरियरचा खर्च हिच्या माथी. फोनची चूक तिने फोटोत उलटी करून भरली होती. मोड बदलून तेच मूळ फोटो उघडले, तर त्यांना जवळजवळ काहीच करावं लागलं नाही.

आता कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाचाही फोन भडकच असतो की! असतो ना. पण प्रत्येक कंपनीचा भडकपणा वेगळा. त्यातल्या एकाशी जुळवलं की बाकी सगळीकडे चुकणारच. मापाप्रमाणे केलेला फोटो कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी दिसेल, पण तुमची चूक आणि त्याची चूक यांची बेरीज तरी होणार नाही.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. २०१७ मध्ये गूगलने पिक्सेल २ एक्सएलचे रंग मापाला धरून ठेवले, तर लोकांनी 'फिके, मेलेले रंग' म्हणून इतका गलका केला की त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये `Saturated` मोड द्यावा लागला. दुकानात शेजारी शेजारी फोन ठेवले की भडकच विकला जातो. मान्य! पण मग फोन पहिल्यांदा सुरू करताना भाषा विचारता, अंगठा मागता, तिथे रंगाचाही एक प्रश्न विचारा की. निदान फोनमधलं फोटो एडिटर उघडल्यावर तेवढ्यापुरता खरा मोड लावा.

ॲपल भडक मोड देतच नाही. २०१६ च्या आयफोन ७ पासून पी३ पॅनेल आणि रंगांचं गणित दोन्ही आहे. पण तिथे ट्रू टोन खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढरा रंग सरकवत राहतं. पिवळ्या बल्बखाली बसून एडिट करत असाल तर तुमचं कॅलिब्रेशन तिथेच संपलं.

तोवर एवढं करा: डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये `Natural` मोड निवडा, रात्रीचा पिवळा फिल्टर आणि ट्रू टोन एडिटिंगपुरते बंद करा, ब्राइटनेस मध्यावर ठेवून तो आपोआप बदलणं थांबवा. पहिले दोन दिवस स्क्रीन मळकट वाटेल. मित्राच्या बायकोनेही दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, 'भावजी, फोन बिघडला का हो?'