सोयाबीन आलं, पण दूध का गेलं?

आमच्या मोठ्या जाऊबाई अठ्ठेचाळिशीच्या. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. सबंध वर्षभर पाळी आली नाही की ती कायमची गेली असं डॉक्टर धरतात, तेव्हा त्यांच्याबाबतीत शंका उरलेली नाही. भर पावसाळ्यात, बाहेर बेगडेवाडीचं धुकं दाटलेलं असताना, या रात्री पंखा लावून बसायच्या. छातीपासून कपाळापर्यंत वाफ चढते, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते, असं त्यांचं चाललेलं.

कुणीतरी त्यांना सांगितलं, की सोयाबीन खा, वाफा थांबतील आणि हाडंही मजबूत होतील. त्यांनी दळणात सोयाबीन घातलं. इथवर ठीक. पण "आता सोया आहे, मग कशाला?" म्हणून रात्रीचा कपभर दूध आणि दुपारचं दही दोन्ही बंद केलं. तीन महिन्यांनी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा कुठे जाऊबाईंनी मला विचारलं, "अगं, माझी हाडं तरी बरी असतील ना?"

आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पण हिशेबाआधी, पाळी जाण्याचा आणि हाडांचा संबंध काय ते सांगते. आपलं हाड म्हणजे बांधून ठेवलेली भिंत नव्हे. जुनं थोडं खरवडायचं आणि नवं भरायचं, हे काम शरीरात सदैव चालू असतं. इस्ट्रोजेन नावाचा स्त्रीरस खरवडणाऱ्या हाताला आवर घालतो. पाळी जाताना तो कमी होतो, मग खरवडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. ही झीज पाळी जाण्याच्या आगेमागे काही वर्षं सर्वांत वेगानं होते, आणि ती दुखत नाही. मनगट किंवा खुबा मोडेपर्यंत, नाहीतर उंची कमी होऊन पाठ वाकेपर्यंत पत्ता लागत नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढलेली असतील, तर हे सारं त्या दिवसापासूनच सुरू होतं.

आता वही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. जाऊबाईंच्या ताटात काय होतं? तीन कप चहातलं दूध मिळून 180. पाच पोळ्यांचं साठ. भात, आमटी, भाजी मिळून शंभर-सव्वाशे. आपल्या मावळचा इंद्रायणी तांदूळ कितीही वासाचा असो, पांढऱ्या भातात कॅल्शियम नावापुरतंच. दळणातल्या सोयाबीनचं तीसेक. बेरीज पावणेचारशे ते चारशे! गरजेच्या एक तृतीयांश.

मग भर घालत गेलो. रात्रीचा कपभर दूध परत सुरू, 240. जेवणात मोठी वाटी दही, 180. दोन पोळ्यांऐवजी एक नाचणीची भाकरी. पोळ्यांचं वजा जाता दीडशेच्या वर. दोन चमचे न सोललेल्या तिळाची चटणी, 190. बेरीज साडेअकराशेच्या घरात गेली. तिळातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी ठेवली. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातलं कॅल्शियम त्याच्याच आम्लानं बांधून ठेवलेलं असतं.

हे कॅल्शियम आतड्यातून शोषायला ड जीवनसत्त्व लागतं. ते जेवणातून फारसं मिळत नाही, कातडीवर उन्हं पडली तर तयार होतं. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून औषध घ्यावं. साठ हजार युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलेली असते. ती रोज घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तसं कधीही करू नका, रक्तातलं कॅल्शियम धोक्याइतकं वाढतं.

मग सोयाबीनचं काय? ते खोटं नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. (पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सोयाबीनचे अनेक सुधारित वाण काढलेत, तेव्हा हे पीक आपल्याला परकं नाही.) त्यात आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात. त्यांची ठेवण इस्ट्रोजेनसारखी. इस्ट्रोजेन ही कुलपाची खरी किल्ली मानली, तर ही हातानं घासून केलेली किल्ली. कुलपात जाते, पण अर्धवट फिरते. म्हणून गुण येतो तो बेताचाच. दिवसाला दहा वाफा येत असतील तर आठ येतील, त्यासाठीही दीड-दोन महिने थांबावं लागतं. शिवाय काहींच्या आतड्यातले जंतू या द्रव्याचं अधिक जोरकस रूप करतात, काहींच्या नाही. एकीला गुण येतो आणि दुसरीला येत नाही, त्याचं हे एक कारण. हाडांबाबत मात्र सोयाचा भरवसा देता येईल असे निकाल आलेले नाहीत. दुधाची जागा ते घेऊ शकत नाही.

प्रमाणही पाहा. प्रयोगांत ही द्रव्यं साधारण 40 ते 80 मिलिग्रॅम दिलेली असतात. नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन घातलं, तर पाच पोळ्यांतून सोया पोटात जातं पंधरा ग्रॅम, म्हणजे द्रव्य पंधरा-वीस मिलिग्रॅम. सोबत मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, सोयाबीनची उसळ खाल्ली तर पन्नासच्या आसपास पोचतो. सोयाबीन रात्रभर भिजवावं, पाणी टाकून द्यावं आणि कुकरमध्ये मऊ शिजवावं. दळणातलं आधी भाजून घ्यावं. कच्च्या सोयामुळे प्रथिनं नीट पचत नाहीत. सोयाबीनच्या तेलात ही द्रव्यं नसतात, म्हणून ते यात धरू नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया खाण्यात आणि गोळीत काही तासांचं अंतर ठेवा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर सोयाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

राहता राहिलं हृदय. इस्ट्रोजेन ओसरलं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी कंबरेभोवती जमू लागते. रोज पंचवीस ग्रॅम सोयाचं प्रथिन खाल्लं तर हे कोलेस्टेरॉल शेकडा तीन-चारच कमी होतं, आणि त्यासाठी साठ-सत्तर ग्रॅम सोयाबीन लागतं. म्हणून खरा फायदा बदलीत आहे. तळलेल्या पुरीभाजीच्या, वनस्पती तुपातल्या पदार्थांच्या जागी उसळ आली तर. आम्ही घरात माणशी महिन्याला अर्धा किलोच्या आसपास तेल ठरवलं आणि पापड-लोणचं रोजच्या पानातून काढलं.

एक गोष्ट मात्र जाऊबाईंना बजावून सांगितली, तीच तुम्हालाही सांगते. बसल्या जागी गरम वाफ येणं वेगळं. जिना चढताना छाती आवळणं, दम लागणं, जबड्यात किंवा हातात कळ येणं वेगळं. त्याला "पाळी गेली ना, म्हणून" असं म्हणून घरी बसू नये. तसंच, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी अंगावर गेलं, तरी डॉक्टरांना दाखवायचं.

जाऊबाईंनी सोयाबीन सोडलेलं नाही. वाफा थोड्या कमी झाल्यात, पंखा अजून लागतो. पण दूध-दही परत आलंय, आणि संध्याकाळी सासूबाईंना काठी धरून अंगणात फिरवताना त्यांचं स्वतःचंही चालणं होतं. हाडांवर भार पडला तरच ती टिकतात. न्हाणीघरातली शेवाळलेली फरशीही त्यांनी स्वतः उभं राहून बदलून घेतली.