फाईलमध्ये राहिलेला डीडी

मागच्या महिन्यात मामेभावाच्या फाईलमध्ये पुण्याच्या एका कॉलेजच्या नावाचा 12,000 रुपयांचा डीडी सापडला. प्रवेश सुरतलाच मिळाला आणि डीडी तसाच राहिला. तारखेला पाच महिने झाले होते. “दादा, पैसे बुडाले का रे?”

नाही बुडाले. डीडी काढतानाच पैसे आपल्या खात्यातून बँकेकडे जातात, म्हणून तो चेकसारखा बाउन्स होत नाही. प्रवेशासाठी किंवा टेंडरसाठी डीडी मागतात तो याचसाठी. तीन महिन्यांनंतर तो वटत नाही, पण रक्कम बँकेकडेच असते.

डीडी मामांच्या खात्यातून काढला होता, त्यामुळे अर्जही त्यांनीच करायचा. पलसाण्याच्या ज्या शाखेतून तो काढला, तिथेच गेलो. कॉलेजला पैसे द्यायचेच असते, तर त्याच डीडीची मुदत वाढवून मागता आली असती. आम्हाला तो रद्द करायचा होता. मूळ डीडी आणि अर्ज दिला. शुल्क वजा होऊन रक्कम मामांच्या खात्यात जमा झाली.

डीडी हरवला तर मात्र मूळ कागदच नसतो. शाखेला लगेच लेखी कळवा. तो वटलेला नाही याची खात्री करून आणि इंडेम्निटी बाँड घेऊन बँक डुप्लिकेट देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो अर्जानंतर पंधरवड्यात मिळायला हवा. उशीर झाल्यास बँकेने व्याज द्यायचे. अर्जात डीडीचा नंबर आणि तारीख लागते, म्हणून हातातून सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.