विश्लेषण : साखर तोट्यात विकूनही दुकान नफ्यात कसे?

महिन्याची पहिली तारीख जवळ आली की वर्तमानपत्रातून मोठ्या दुकानांची रंगीत पत्रके घरी येऊ लागतात. त्यात सर्वांत ठळक आकडा बहुधा साखरेचा, तेलाचा किंवा आट्याचा असतो. तो दर पाहून इंदिरानगर किंवा सिडकोतला किराणा दुकानदार म्हणतो, ‘या भावाने मला घाऊक बाजारातही माल मिळत नाही.’ अनेकदा त्याचे म्हणणे खरे असते. दुकान ती वस्तू खरेदीपेक्षा कमी भावात, जाणूनबुजून तोट्यात विकत असते. व्यापाराच्या भाषेत तिला ‘लॉस लीडर’ म्हणतात. हा तोटा शेवटी कोण भरून देतो, हा प्रश्न ग्राहक आणि दुकानदार दोघांच्याही खिशाशी संबंधित आहे.

साखरच का?

आमिष म्हणून कोणतीही वस्तू चालत नाही. तिचा भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असावा लागतो, नाहीतर स्वस्ताई लक्षातच येत नाही. ती घरोघरी लागणारी हवी आणि सगळीकडे सारखीच मिळणारी हवी. साखर या कसोट्यांना उतरते. नाशिककरांना कांद्याची पारख चांगली असली, तरी त्याचा भाव लासलगावच्या लिलावाबरोबर रोज बदलतो आणि प्रतही ढिगागणिक वेगळी असते. म्हणून महिनाभर चालणाऱ्या जाहिरातीला तो फारसा उपयोगी नाही. शाम्पू किंवा बिस्किटांवरची सूटही वेगळी. ‘एमआरपी’ ही विक्रीची कमाल मर्यादा असते. तिच्यापेक्षा वीस टक्के कमी भाव लावला म्हणजे दुकान तोट्यात गेले असे नव्हे. अशी सूट पुष्कळदा उत्पादक कंपनीच देते.

तोट्याचे गणित कसे बसते?

एक काल्पनिक हिशेब मांडू. दुकानाला साखर ४२ रुपये किलोने पडते. एरवी ती ४४ ला विकली जाते. योजनेत ३८ ला आणि एका बिलावर दोनच किलो. दिवसभरात हजार जणांनी साखर नेली. किलोमागे चार रुपये तोटा, म्हणजे एकूण ८,००० रुपये गेले. या हजारांपैकी ६०० जण नेहमीचे गिऱ्हाईक होते. त्यांनी साखर ४४ लाही घेतली असती, म्हणून त्यांच्याकडून मिळणारे २,४०० रुपयेही बुडाले. योजनेचा खरा खर्च झाला १०,४०० रुपये.

उरलेले ४०० जण जाहिरात पाहून आले. त्यांतल्या दीडशे जणांनी फक्त साखर घेतली आणि घरचा रस्ता धरला. अडीचशे जणांनी मात्र आणखी सरासरी ८०० रुपयांचे सामान घेतले. त्यावर १५ टक्के नफा धरला तर माणशी १२० आणि एकूण ३०,००० रुपये झाले. खर्च वजा जाता १९,६०० रुपये हाती राहिले. या हिशेबात नवख्यांपैकी ८७ जणांनी ट्रॉली भरली तरी खर्च निघतो. त्याहून कमी जणांनी भरली तर योजना फसली. ‘एका बिलावर दोन किलो’ किंवा ‘हजाराच्या खरेदीवरच’ अशा अटी असतात त्या यासाठीच. अट नसेल तर शेजारचा दुकानदारच चार माणसे पाठवून साखर उचलेल.

स्वस्त भाव माणसांना किती खेचू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ जानेवारी २००६ रोजी ‘बिग बझार’ने पहिला ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला, तेव्हा गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना यावे लागले. अर्थात स्वस्त विकणारे प्रत्येक दुकान तोट्यातले आमिष लावते असेही नाही. ‘डी-मार्ट’ची ओळख बहुतेक मालावर वर्षभर कमी भाव ठेवण्याची आहे. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकवून खरेदीतच सवलत मिळवायची आणि दुकानाच्या जागा शक्यतो स्वतःच्या ठेवायच्या, यावर ती स्वस्ताई उभी आहे. तिथे खर्चच कमी केलेला असतो.

मग भरपाई कोण करते?

झिजुन चेन आणि पॅट्रिक रे या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये या प्रश्नाची वेगळी उकल मांडली. मोठ्या दुकानाकडे दोन प्रकारचा माल असतो : छोट्या दुकानातही मिळणारा आणि फक्त तिथेच मिळणारा. ते पहिल्या प्रकारात तोटा सोसते आणि दुसऱ्यात भाव चढा ठेवते. ज्याला वेळ आहे, तो साखर इथून आणि बाकीचे तिथून घेतो. त्याचा फायदा होतो. निवृत्त काका पिशवीत दोन किलो साखर टाकून निघून जातात. नोकरी करणाऱ्या जोडप्याला मात्र रविवारचा एकच तास मिळतो. ते सगळे एकाच छताखाली घेतात आणि काकांच्या साखरेची भरपाईही तेच करतात.

याच मांडणीतला दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. तोटा नेमका त्याच मालावर सोसला जातो, ज्यावर किराणा दुकानदाराचे पोट चालते. तो मालाची निवड आणि सेवा यांत मोठ्या दुकानापेक्षा सरस असला, तरी मार खातो. कारण त्याच्याकडे साखरेचा तोटा भरून काढायला कपडे आणि प्लास्टिकच्या बादल्यांचा विभाग नसतो. साखर गेली की महिन्याची यादी जाते. शेवटी त्याच्याकडे उरते ते पाच रुपयांचे पाकीट आणि उधारीची वही.

कायदा काय म्हणतो?

साखर कारखान्याने किती भावाखाली विकू नये, हे सरकारने ठरवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो किमान दर ३१ रुपये किलो झाला. दुकानदाराला मात्र असा तळ नाही. स्पर्धा कायदा, २००२ नुसार खर्चापेक्षा कमी भाव तेव्हाच बेकायदा ठरतो, जेव्हा विकणारा बाजारात वर्चस्व असलेला असतो आणि हेतू स्पर्धा घटवण्याचा किंवा स्पर्धक संपवण्याचा असतो. शहरात पाच-सहा साखळ्या असताना एकीचे वर्चस्व सिद्ध करणे कठीण.

अमेरिकेत कॉनवे गावातील औषध दुकानदारांनी ‘वॉलमार्ट’वर खटला भरला. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण १९९५ मध्ये आर्कान्सॉच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. काही वस्तू तोट्यात विकल्या, एवढ्यावरून स्पर्धा मोडण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असा त्याचा रोख होता. जर्मनीने उलट वाट धरली. तिथल्या स्पर्धा नियामकाने २००० मध्ये ‘वॉलमार्ट’सह तीन साखळ्यांना दूध, साखर यांसारख्या वस्तू खरेदीपेक्षा कमी भावात विकणे थांबवायला लावले.

आपण काय करावे?

जर्मनीसारखी बंदी आपल्याकडे नको, असे मला वाटते. त्यात साखर महागेल, पण किराणा दुकान वाचेलच याची खात्री नाही. मात्र वर्चस्व मोजताना सारे शहर धरणे चुकीचे आहे. घरचे वाणसामान माणूस पायी किंवा दुचाकीवरून आणतो. सातपूरच्या वसाहतीतल्या कुटुंबासाठी नाशिक रोडचे दुकान हा पर्यायच नाही. स्पर्धा आयोगाने बाजाराची हद्द ग्राहकाच्या या अंतराने आखावी, आणि एखादी साखळी महिनोन्‌महिने ठरावीक वस्तू खरेदीखाली विकत असेल तर पूर्ण हिशेब मागावा. दोन दिवसांच्या योजनेला हात लावण्याचे कारण नाही.

ग्राहकाच्या हाती तपासण्याची साधी पद्धत आहे. महिन्याच्या यादीतल्या दहा वस्तू निवडा, त्यात साखर एकच ठेवा. पाकिटांचे आकार वेगवेगळे असल्याने किलोमागचा दर पाहा. आता किलोमागचा किंवा ग्रॅममागचा दर बहुतेक पाकिटांवर छापलेला असतो. मग मोठ्या दुकानाचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचे पूर्ण बिल शेजारी ठेवा. मोठे दुकान तिथेही स्वस्त निघाले तर खुशाल जा. साखरेत वाचलेले बारा रुपये बाकीच्या नऊ वस्तूंत गेलेले दिसले, तर पुढच्या महिन्याची यादी कोपऱ्यावर द्या.