लग्नाची पोस्ट मी का काढली?

पुतणीच्या लग्नाची पोस्ट परवा मी टाकली होती. काल काढली. बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सांगतो.

सवय बातमीची. कोण, काय, कधी, कुठे, सगळं भरलं. तिचं पूर्ण नाव, चाकणमधली कंपनी, पद, लग्नानंतर नाशिकला जाणार हेही. पत्रिकेचा फोटो जोडला. त्यावर दोन मोबाईल नंबर आणि तळवड्यातल्या घराचा पत्ता. वर माझीच ओळ: "दोन दिवस सगळं कुटुंब कार्यालयावरच!" म्हणजे घर कधी बंद असेल, तेही जाहीर.

सकाळी पोरीचा फोन आला. "काका, नोकरी सोडायचं मी साहेबांना अजून सांगितलं नव्हतं. त्यांनीच मला तुमची पोस्ट दाखवली."

काय बोलणार? लग्न तिचं, आणि विचारलं नाही ते तिलाच.

पत्रिका पूर्वी अक्षता घेऊन हातात दिली जायची. पत्ता कुणाला कळतोय हे देणाऱ्याला ठाऊक असायचं. पब्लिक पोस्टमध्ये ते राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. पत्रिका समजून फाइल उघडली, ती निघाली एपीके, आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार गेले. आपल्या खऱ्या नावांची, खऱ्या तारखेची अशी बनावट पत्रिका कुणी फिरवली, तर आपलेच नातेवाईक विश्वासाने उघडतील.

आधी वाटलं, एडिट करू. पण फेसबुकवर एडिट केलेल्या पोस्टची जुनी आवृत्ती 'एडिट हिस्टरी'त दिसते. म्हणून पोस्टच डिलीट केली. कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल, तर त्याला मात्र इलाज नाही.

मग तिला शेजारी बसवून नवी लिहिली:

"आमच्या घरी लग्न आहे! लेक बोहल्यावर चढतेय, घरात बुंदीचा वास आणि आजीची लगबग सुरू आहे. निमंत्रण प्रत्येकाला घरी येऊन किंवा फोनवर देतोय. आशीर्वाद असू द्या."

तारीख नाही, कार्यालय नाही, कंपनी नाही. ऑडियन्स 'फ्रेंड्स'. आजीची ओळ तिनेच घातली. फोटो लग्न झाल्यावर, दोन्ही घरांना विचारून. लहान मुलांचे नाहीत. निमंत्रितांना व्हॉट्सॲपवर साधा मजकूर जाईल, फाइल नाही. आमच्या नावाने फाइल आली तर उघडू नका, आधी फोन करा.

थोडी गैरसोय होईल, चार माणसं "आम्हाला कळवलं नाही" म्हणून रुसतील. त्यांच्या घरी मी स्वतः जाईन. रुसवा काढता येतो. साहेबांना तिच्या आधी माझ्या पोस्टमधून कळलं, ते मात्र मागे घेता येत नाही.

पोस्ट लिहाल तेव्हा लाइक मोजण्याआधी नवरा-नवरीला एकदा वाचून दाखवा. मी तेवढंच विसरलो होतो.