टाचणातले तीन धागे

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे लातूरमध्येही, बी.एड.चे विद्यार्थी सराव पाठांसाठी टाचण लिहितात. ते तपासताना बहुधा रकाने भरलेत का, एवढेच पाहिले जाते. उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापन हे रकाने एकमेकांशी बोलतात का, हा खरा प्रश्न.

आठवीचा घनफळाचा पाठ घेऊ. टाचणात उद्दिष्ट लिहिले: ‘विद्यार्थ्यास घनफळाचे आकलन होते.’ कृती म्हणून एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेची चित्रफीत. मूल्यमापनाला प्रश्न: ‘घनफळ म्हणजे काय?’ विषय जिव्हाळ्याचा, पण मुलांनी मोजले काहीच नाही आणि शेवटी पाठांतर तपासले गेले.

उद्दिष्ट असे हवे: ‘विद्यार्थी आयताकार टाकीची मापे घेऊन तिच्यात किती लिटर पाणी मावते ते काढतो.’ हे वर्गात दिसू शकते. मग कृती आपोआप ठरते: टेप घेऊन शाळेची टाकी मोजणे. टाकी गोल असेल तर वर्गातला खोका. रेल्वेच्या पहिल्या खेपेतले 5 लाख लिटर म्हणजे 500 घनमीटर, ही तुलना त्यानंतर शोभते.

तपासणीला नवी टाकी द्यावी: लांबी 2 मीटर, रुंदी 1 मीटर, उंची 150 सेंटीमीटर. उत्तर 3000 लिटर. कुणी 3 लिहिले, तर लिटरमध्ये रूपांतर राहिले. 300 आले, तर उंचीचे एककही बदललेले नाही. दोन्ही चुकांवर उद्याचा पाठ वेगवेगळा असेल, आणि टाचणात तेवढी जागा मोकळी ठेवलेली असावी.