वीस बोंडांची साक्ष

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी आपण शेतकऱ्यांना एक सोपा नियम सांगतो. एकरात फिरून वेगवेगळ्या वीस झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडावे, फोडून पाहावे आणि दोन बोंडे किडलेली आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे 10 टक्के, गाठली असे समजावे. नियम चांगला आहे. मात्र त्यातील अनिश्चितता प्रशिक्षणात आपण एक तर झाकतो, नाही तर अधिक-उण्याच्या चिन्हांत गुंडाळून पडद्यावर टाकतो. बेंगळुरूहून सादरीकरणे तयार करताना मीही हेच केले आहे. त्यावर येणारा प्रश्न ठरलेला असतो: "मग फवारायचे की थांबायचे?"

माझ्या मते चिन्हांऐवजी मोजता येणारी उदाहरणे द्यावीत. भांडेभर हरभऱ्यात दर दहा दाण्यांमागे एक दाणा रंगवून मिसळावा. हे झाले 10 टक्के प्रादुर्भावाचे शेत. प्रत्येकाने न पाहता वीस दाणे काढावेत, रंगीत दाणे मोजावेत आणि सर्व परत टाकावेत. सरासरी दहांपैकी चौघांच्या हाती दोनपेक्षा कमी रंगीत दाणे येतात. आठांपैकी एकाला एकही मिळत नाही. शेत तेच, नियम तोच, तरी चौघे थांबले असते. पडद्यावरही हेच दाखवावे: दहा चौकटी, प्रत्येकीत वीस बोंडांची चित्रे, किडलेली तेवढी लाल.

यावरून नियम कुचकामी ठरतो का? नाही. पाचात एक दाणा रंगवून हाच खेळ खेळला, तर शंभरांपैकी साधारण सात जणच चुकतात. चूक उंबरठ्याजवळ अधिक होते आणि कीड वाढली की नियम ती सहसा पकडतो. म्हणूनच दर आठवड्याचे निरीक्षण महत्त्वाचे. "या आठवड्यात एकच सापडले" याचा अर्थ शेत निर्धोक आहे असा नव्हे, तर पुढील आठवड्याची फेरी चुकवू नये, असा आहे. कामगंध सापळ्यांतील पतंगांची नोंद आणि डोमकळ्या ही जोडीची साक्ष समजावी.

टक्केवारी सांगायचीच असेल, तर पल्ला शब्दांत सांगावा. वीसपैकी दोन बोंडे किडलेली असतील, तर खरा प्रादुर्भाव सुमारे 3 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. शंभरपैकी दहा असतील, तर सुमारे 5 ते 18 टक्के. पल्ला निम्मा करायचा, तर बोंडे जवळपास चौपट तपासावी लागतात.

एक मर्यादा मात्र कोणताही पल्ला सांगत नाही. बांधालगतच्या एकाच ओळीतून वीस बोंडे तोडली, तर ती साक्ष त्या ओळीची असते, शेताची नव्हे. तेथे गणित सुधारून उपयोग नाही. शेतात फिरावेच लागते.