निरंक, साहेब!

चार दिवसांच्या प्रशिक्षणाहून तहसीलदार परततात, खुर्चीत बसता बसता विचारतात, "माझ्याकडे काही पेंडिंग आहे का?" या प्रश्नाला आपल्या कचेऱ्यांत दोनच उत्तरं ठरलेली आहेत. एक, "निरंक, साहेब." दुसरं, काही न बोलता दोन हात उंचीचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवणं. महसूल खात्यात कारकुनी करताना ही दोन्ही उत्तरं मी इतकी ऐकली की दोन्ही खोटीच आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे. पहिलं उघड खोटं असतं. दुसऱ्यात सगळं खरं असतं, पण त्यातून साहेबांना काहीच कळत नाही.

प्रश्न मोघम आहे, हे मान्य. पण तो मोघमच असणार. काय पडून आहे हे साहेबांना ठाऊक असतं, तर त्यांनी थेट त्या फाइलचंच नाव घेतलं असतं. "कशाबद्दल विचारताय, साहेब?" असा प्रतिप्रश्न करणारा कारकून म्हणजे आपलं काम शहाजोगपणे त्यांच्यावरच ढकलणारा.

उत्तराची निम्मी तयारी सहा गठ्ठे पद्धतीने कधीच करून ठेवली आहे. तिच्यात प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन हे दोन गठ्ठे वेगळे आहेत. आपण काही करायचं राहिलं ते प्रलंबित. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतोय ते प्रतीक्षाधीन. साहेबांनी विचारलेलं असतं "माझ्याकडे". तलाठ्याचा अहवाल यायचा असलेलं प्रकरण साहेबांकडे नाही, तलाठ्याकडे आहे. ते यादीत घुसडलं की यादी फुगते आणि जबाबदारी धूसर होते. (काहींना ती धूसर झालेलीच हवी असते, तो भाग निराळा.)

समजा, कार्यविवरण नोंदवहीत अकरा प्रकरणं उघडी आहेत. त्यांतली सहा इतरांच्या उत्तरासाठी अडलेली. उरली पाच. माझ्या मते उत्तर असं असावं:

"साहेब, पाच आहेत. माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलाचे तीस दिवस परवा भरतात. सुनावणी झाली आहे, आदेशावर तुमची सही हवी. सातबारावर नाव चुकलेल्या खातेदाराचा कलम 155चा आदेश टंकून तयार आहे, त्याचं पीककर्ज त्यावर अडलंय. शेतरस्त्याच्या प्रकरणात स्थळपाहणीची तारीख द्यायची आहे, पेरणीआधीची द्यावी लागेल. उरलेले दोन रजेचे अर्ज, संध्याकाळी चालतील. बाकी सहा बाहेर अडलेत. त्यांतल्या दोघांना आज स्मरणपत्र काढतो."

बोलायला अर्धा मिनिट लागतं. प्रत्येक वाक्यात काय, कधीपर्यंत आणि साहेबांनी नेमकं काय करायचं, हे तिन्ही आहे. उत्तरात तारीख नसेल किंवा "सही", "तारीख", "निर्णय" यांपैकी काहीच मागितलेलं नसेल, तर सांगणाऱ्याने फाइल उघडलेली नाही, असं खुशाल समजावं.

खरं भांडण आहे ते क्रमाचं. कचेरीत क्रम लावतात तो वजनाने. आमदारांचं पत्र सर्वांत वर, मग जिल्ह्याहून आलेला फोन, मग ज्याचा माणूस व्हरांड्यात रोज दिसतो तो. नाव चुकलेला खातेदार एसटीचं भाडं मोडून महिन्यातून एकदा येतो, म्हणून तो तळाला. माझा क्रम साधा आहे. ज्याची मुदत कायद्याने ठरलेली आणि हुकली की भरून न येणारी, ते पहिलं. ज्याच्यावर कोणाचं दुसरं काम अडलंय, ते त्यानंतर. मग वयाने जुनं असेल ते. आमदारांचं पत्रही याच फूटपट्टीने मोजावं. त्यात मुदत असेल तर ते आपोआप वर येईल.

यावर सहकाऱ्यांचा ठरलेला आक्षेप असायचा, "पेंडिंग आहे म्हटलं की आधी आपणच सापडतो." भीती खोटी नाही. 2005च्या विलंब प्रतिबंधाच्या कायद्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. आठवा दिवस उजाडला की "निरंक" हा शब्द ढालीसारखा वाटू लागतो. पण फाइलीवर आलेल्या-गेलेल्याच्या तारखा असतात, आणि अपिलात त्याच वाचल्या जातात. तोंडी निरंक तिथे कोणी विचारात घेत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. नोंदवहीत चढलेलं नाही ते या उत्तरात येणार नाही. टपाल आवक बारनिशीत चढायच्या आधी डाकपॅडमध्येच दोन दिवस झोपलेलं असतं, कधी ते परस्पर कोणाच्या ड्रॉवरमध्ये जातं. म्हणून साहेबांपुढे जाण्याआधी डाकपॅड उघडून बघायचं, आणि ते बघितलं नसेल तर तसं सांगायचं: "सकाळचं टपाल अजून चढलेलं नाही, तासाभरात सांगतो." असं सांगणाऱ्याला साहेब ओरडल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. निरंक म्हणणाऱ्यावर मात्र, परवाची मुदत उलटल्यावर, पाहिलं आहे.